कोऱ्या चेहऱ्याला अर्थ कोण देतं, नट की कट?

शिरपूरकर:
काल एका शिबिरात पुन्हा तेच ऐकलं. कुलेशॉव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं म्हणे एका नटाचा एकच कोरा चेहरा आधी सूपाच्या वाटीशेजारी, मग शवपेटीशेजारी लावला, तर लोकांना त्यावर वेगवेगळे भाव दिसले. म्हणजे दोन शॉट शेजारी ठेवले की तिसराच अर्थ जन्माला येतो, आणि याला म्हणायचं मोंताज. माझं स्पष्ट मत आहे की हे संकलकांनी स्वतःचा भाव वाढवायला पसरवलंय. अर्थ नटाच्या चेहऱ्यात असतो, नाहीतर गोष्टीत. चेहरा कोरा असेल तर कशाच्याही शेजारी ठेवा, कोराच दिसणार. आपल्या अहिराणी फिल्मा पडतात त्या नट कच्चे म्हणून, कट चुकले म्हणून नाही.

जळगावचा संकलक:
भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना. रोज पोटापाण्यासाठी हेच करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

यावलकडच्या पोरांची एक छोटी फिल्म माझ्याकडे संकलनाला आली होती. वादळात केळीची बाग आडवी होते आणि म्हातारा शेतकरी ती बघायला जातो, एवढाच प्रसंग. म्हाताऱ्याचं काम करणारे काका निवृत्त एसटी चालक, जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभे. दिग्दर्शकानं त्यांना सांगितलं, सगळं गेलं असं मनात आणा. काकांनी जीव तोडून केलं. ओठ थरथरवले, कपाळावर हात मारला, डोळे पुसले. पण एकही टेक लागेना, कारण बाग दिसायच्या आधीच चेहरा सगळं सांगून मोकळा होत होता. त्याच्यापुढे पडलेली केळी दाखवली तर ती नुसता पुरावा म्हणून यायची. बघणाऱ्याला स्वतः काही जुळवायला उरायचंच नाही.

मग सगळं फुटेज पहिल्यापासून चाळलं. एका टेकच्या शेवटी 'कट' म्हटल्यावरही कॅमेरा चालू राहिला होता. काका दमून उभे आहेत आणि जेवणाचे डबे आले का म्हणून डावीकडे खाली बघतायत. तोंड मिटलेलं, कपाळावर आठी नाही, पापणी एकदाच हलते. तो तुकडा उचलला. आधी चेहरा तीन सेकंद, मग मोडलेलं खोड आणि चिखलातला घड दोन सेकंद, मग पुन्हा तोच चेहरा चार सेकंद. फिल्म दाखवली तेव्हा लोकांनी काकांच्या कामातली नेमकी तीच जागा उचलून धरली. 'किती आतून केलंय' म्हणाले. डब्याची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो!

आता कुणी म्हणेल, मग काय, कुठलेही दोन शॉट चिकटवा आणि झालं. अजिबात नाही. दिग्दर्शकानं आधी बागेचा दुसरा शॉट निवडला होता. उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून घेतलेला, लांबवर आडवी पडलेली बाग. दिसायला फार सुंदर. पण काकांची नजर तर पायाशी होती. दोन्ही जोडले की बाग एकीकडे आणि काका भलतीकडे. शिवाय तो शॉट संध्याकाळचा, तिरप्या पिवळ्या उन्हातला, आणि काकांच्या डोळ्यांखाली भर दुपारच्या काळ्या सावल्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला आवाज बंद करून तो तुकडा दाखवला आणि एकच विचारलं, 'हे काय करतायत?' तो म्हणाला, 'त्यांना काहीतरी जुनं आठवतंय.' उजेड जुळला नाही एवढ्यावरून बघण्याचं आठवणं झालं. मग दुपारच्याच उन्हातला, वरून खाली घेतलेला घडाचा शॉट शोधून लावला, तेव्हा कुठं काका केळीकडे बघायला लागले.

तोच चेहरा मी नंतर मुलीच्या हळदीच्या शॉटला जोडून बघितला. बघणारे म्हणाले, पोरगी सासरी चालली म्हणून बाप आतल्या आत गलबललाय. चेहऱ्यातली एक फ्रेमही बदललेली नव्हती. हे नटाचं नाही, गोष्टीचंही नाही. तुम्हीच सांगा मग कुणाचं.

धुळ्याची नाटकवाली:
म्हणजे नटानं काही करूच नये, डब्याची वाट बघत उभं राहावं, आणि श्रेय टाइमलाइनला. छान! आम्ही गावोगाव नाटकं केली. तिथं कट नसतो. समोर माणूस असतो आणि त्याला शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं लागतं. तुमच्या काकांनी ओठ थरथरवले ते त्यांना रंगमंचावरचं तेवढंच माहीत होतं म्हणून. त्यांना कुणी सांगितलं का, की दादा, कॅमेरा हातभर अंतरावर आहे, निम्म्याहून कमी करा? नाही सांगितलं. आणि मग त्यांच्या नकळत घेतलेला तुकडा वापरून 'बघा, नट लागतच नाही' असं म्हणायचं.

आणखी एक बोलायचं राहिलंय, ते आत्ताच बोलते. आमच्याकडच्या किती बायका या फिल्मांमध्ये फुकट काम करतात, जेवण आणि प्रवासखर्चावर. शेवटी नावांच्या पाटीत संकलकाचं नाव एकट्याचं मोठ्या अक्षरात आणि आम्ही 'व इतर'. हा सिद्धांत कुणाच्या सोयीचा आहे ते त्यातून कळतं.

जळगावचा संकलक:
ताई, पाटीबद्दल तुमच्याशी भांडणार नाही, ते चुकीचंच आहे. काकांना कुणी नीट सांगितलं नाही, हेही मान्य. पण 'नट लागतच नाही' असं मी कुठं लिहिलंय? काकांचा चेहरा रापलेला आहे, मान थोडी पुढं झुकलेली आहे, आणि दमलेला माणूस खरंच दमलेला दिसतो. त्यांच्या जागी जिममधून आलेला पंचविशीचा पोरगा असता तर घडाचा शॉट कितीही नीट जुळवला असता, फुकट गेला असता. कट चेहऱ्यातूनच निवडतो. चेहऱ्यात मुळीच नाही ते त्याला आणता येत नाही.

लग्नाचा व्हिडिओवाला, भुसावळ:
मोंताज म्हणजे ते गाण्यात पोरगा पळतो, जोर मारतो, अभ्यास करतो आणि गाणं संपेपर्यंत कलेक्टर होतो, तेच ना? ते तर आम्ही प्री-वेडिंगमध्ये कायम करतो. मी प्रत्येक कटावर ट्रान्झिशन टाकतो, पान उलटल्यासारखं किंवा हृदय उघडल्यासारखं. पार्टीला आवडतं. यात एवढं भांडण्यासारखं काय आहे ते समजलं नाही.

जळगावचा संकलक:
भाऊ, तुम्ही म्हणता तो प्रकारही त्याच घराण्यातला, पण इथं वाद दुसरा आहे. आणि ते हृदय उघडणारं ट्रान्झिशन एकदा काढून बघा. नवरीचा चेहरा आणि दारात उभी तिची आजी, हे दोन शॉट सरळ कटानं जोडले तर बघणारा स्वतःहून म्हणतो, ती आजीकडे बघतेय. मध्ये हृदय उघडलं की ती दोन वेगळी चित्रं होतात आणि तो दुवा तुटतो.

शिरपूरकर:
काकांची गोष्ट चांगली आहे, पण एका झेरॉक्सवाल्यावर सिद्धांत उभा राहत नाही. मी थोडं वाचून आलोय. कुलेशॉव्हचा तो प्रसिद्ध प्रयोग कुणीही पाहिलेला नाही. फिल्मच शिल्लक नाही. आपल्याला माहीत आहे ते त्याचा शिष्य पुदोव्हकिननं नंतर सांगितलं म्हणून. त्याच्या यादीत सूप, शवपेटीतली बाई आणि खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणारी मुलगी आहे. खुद्द कुलेशॉव्हनं पुढं केलेलं वर्णन त्याच्याशी जुळत नाही. आणि 1992 मध्ये अमेरिकेत प्रिन्स आणि हेन्स्ली या दोघांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर परिणाम मिळालाच नाही. संपला विषय. शंभर वर्षं एक दंतकथा शिकवली जातेय.

जळगावचा संकलक:
वाचलंत ते बरं केलंत, पण 1992 ला थांबलात. 2006 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये नव्यानं प्रयोग झाले. दोन्हींत कोऱ्या किंवा जवळपास कोऱ्या चेहऱ्याबद्दलचं लोकांचं मत शेजारच्या चित्रानं सरकलं. प्रेक्षक नटाच्या अभिनयानं भारावून गेले असं जे पुदोव्हकिन सांगतो, तेवढं मोठं काही नाही. पण सरकलं. म्हणजे तुम्ही म्हणता तशी निव्वळ दंतकथा नाही, आणि शिबिरात सांगतात तशी जादूही नाही.

मूळ फिल्म नाही हे खरंच आहे. त्यातला नट मोझ्झुखिन तेव्हाचा मोठा तारा होता आणि क्रांतीनंतर 1920 मध्ये देश सोडून गेला. कुलेशॉव्हच्या हाती त्याच्या जुन्या सिनेमातला तुकडा होता. कोरी फिल्म मिळायची मारामार होती, इतकी की त्याच्या हाताखाली शिकणारी पोरं फिल्मविना 'फिल्म' बसवायची, रंगमंचावर एकेक शॉट करून. ज्याला नवं चित्रित करताच येत नाही तो जुनेच तुकडे फिरवून बघणार. मला तर हा प्रयोग तिथूनच सुचलेला वाटतो. आमच्याकडेही दुसऱ्या दिवशी शूटिंगला पैसे नसतात तेव्हाच खरं संकलन सुरू होतं.

रावेरकर:
तुम्ही सगळे फार शांतपणे बोलताय याच्यावर. मी माझ्या बापाचं सांगतो.

केळीचा माल भरायचा दिवस होता. बाप काट्याजवळ वजनाची वाट बघत बसला होता, खांद्यावर रुमाल, कुठंतरी समोर बघत. एका वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला, दोन-चार जणांचे चेहरे घेतले आणि गेला. बापाला वाटलं, केळीच्या भावाची बातमी असेल. नंतर एका रात्री त्या वाहिनीवर दुसऱ्याच तालुक्यातल्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी लागली. झाकलेला मृतदेह, रडणाऱ्या बाया, आणि त्यानंतर माझ्या बापाचा चेहरा. मग पुन्हा तेच घर. बापाचं नाव नाही, गाव नाही. पण बघणाऱ्यानं काय समजायचं? मेलेल्याचा भाऊ असेल, नाहीतर पुढचा नंबर याचाच असेल.

सकाळपर्यंत नातेवाइकांचे फोन थांबले नाहीत. आत्या सुरतेहून रडत बोलली. बहिणीच्या सासरी कुणीतरी म्हणालं, कर्ज किती आहे ते आधी का सांगितलं नाही. बापावर तेव्हा एक रुपया कर्ज नव्हतं. तो काट्यावर वजन कधी होतं ते बघत होता, तुमचे काका डबा बघत होते तसाच. फरक एवढाच की काकांना लोकांनी टाळ्या दिल्या.

काहून करता हो तुम्ही असं? आम्ही विचारलं तर उत्तर आलं, आम्ही कुठं म्हटलं की हे त्या मेलेल्या शेतकऱ्याच्या घरचे आहेत.

धुळ्याची नाटकवाली:
दादा, वाचून अंगावर काटा आला. आणि माझा मुद्दा हाच होता. माणसाला न विचारता त्याचा चेहरा उचलायचा आणि हव्या त्या गोष्टीला चिकटवायचा. संकलक भाऊंनी काकांना तरी विचारलं होतं का?

जळगावचा संकलक:
काकांना दाखवूनच ठेवलं, ते खूश होते. पण ताई, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय. काकांनी शेतकऱ्याचं काम करायचं कबूल केलं होतं. रावेरच्या दादांच्या वडिलांनी काहीच कबूल केलं नव्हतं. आणि दादा, राग मानू नका, त्या बातमीत आवाज काय होता ते आठवा. निवेदक बोलत असणार, खाली पट्टी असणार. चेहऱ्याला अर्थ एकट्या कटानं दिला नाही, निम्मं काम आवाजानं केलं.

रावेरकर:
आवाजानं केलं! म्हणजे तुमचा कट निर्दोष. वरती लिहिताना कट सगळं करतो, आणि आमच्या घरात आग लागली की आवाज करतो. निवेदक त्या वेळी बाजारभावाबद्दल बोलत होता. माझ्या बापाबद्दल एक शब्द नव्हता. आत्यानं बघितला त्या टीव्हीचा आवाज बंद होता, दुकानात लावलेला टीव्ही होता तो. तिनं फक्त चित्रं बघितली आणि फोन केला. मिळाला तुमचा आवाज बंदवाला प्रयोग?

शिरपूरकर:
हे मात्र संकलकांना नीट लागलं. पण दादा, तुम्ही माझ्याही विरुद्ध पुरावा दिलात ते लक्षात आलं का? मी म्हणत होतो कोरा चेहरा कोराच राहतो. तुमच्या आत्यानं भावाला लहानपणापासून बघितलंय आणि तरी तिला तो दुःखात दिसला. हे मला पचत नाहीये, पण नाकारताही येत नाही.

चोपड्याचा बातमीदार:
मी एका वाहिनीला बातम्या पाठवतो, ती कुठली ते सांगणार नाही. रावेरच्या दादांच्या बाबतीत काय झालं असेल ते सांगतो, म्हणजे कॅमेऱ्यावाल्यालाच शिव्या बसणार नाहीत.

आम्ही गावातून कच्चं फुटेज पाठवतो, सोबत चार ओळी. भाव पडला, केळी उत्पादक हवालदिल, वगैरे. ते मोठ्या शहरातल्या डेस्कवर जातं, एकदा वापरलं की साठ्यात पडतं आणि 'शेतकरी, चेहरा, जळगाव' अशा नावानं राहतं. पुढं कधी रात्री बातमी येते. मुलाखतीचा तुकडा मधून कापायचा असतो, कारण बोलणारा अडखळलाय किंवा वाक्य लांबलंय. तसंच जोडलं तर चित्र उडी मारतं. ती उडी झाकायला मध्ये काहीतरी दोन सेकंद लावावं लागतं. डेस्कवरचं पोरगं साठ्यात शोधतं, 'शेतकरी, चेहरा' सापडतो, लावून देतं. त्याच्या मनात अर्थ वगैरे काही नसतो, त्याला भोक बुजवायचं असतं. कोपऱ्यात 'संग्रहित' लिहायला हवं, ते घाईत राहतं. आणि लिहिलं तरी किती जण वाचतात?

जळगावचा संकलक:
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ज्यानं जोडलं त्याला काही म्हणायचंच नव्हतं आणि तरी अर्थ निघाला. कारण बघणारा दोन चित्रांमध्ये नातं शोधल्याशिवाय राहत नाही. मृतदेह, मग चेहरा, मग पुन्हा तेच घर. मी काकांसाठी मुद्दाम रचलं तसंच हे उलट बाजूनं रचलं गेलं. चेहरा मधोमध आला की तो माणूस तिथंच उभा आहे असं डोळा धरून चालतो. कुलेशॉव्हनं हेही करून दाखवलं होतं. मॉस्कोच्या वेगवेगळ्या भागांत घेतलेले शॉट जोडले, मध्ये वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसचं चित्र घातलं, आणि बघणाऱ्याला ती सगळी एकच जागा वाटली. रावेरचा काटा आणि दुसऱ्या तालुक्यातलं अंगण एक व्हायला व्हाइट हाउसही लागलं नाही.

दादा, आत्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. आवाज बंद होता तर तो चित्रांचाच परिणाम. मात्र तिथं कटाला दोष देऊन भागणार नाही. अनोळखी माणसाचा चेहरा बातमीत भोक बुजवायला वापरायचा नाही, हा नियम डेस्कवर हवा. भोक बुजवायला हात दाखवा, बैलगाडी दाखवा, मोकळं शेत दाखवा. चेहरा नको.

रावेरकर:
नियमानं माझ्या बहिणीच्या सासरचं तोंड बंद होणार आहे का? तुम्ही लोक शेवटी एकमेकांचीच बाजू घेणार.

चोपड्याचा बातमीदार:
बाजू घेत नाही भाऊ. मी स्वतः आता केळीच्या बातमीला चेहरे पाठवणं बंद केलंय. तर डेस्कवरून फोन येतो, 'इमोशन कुठंय?'

अमळनेरचे आबा:
पोरांनो, तुमचं भांडण वाचतोय. सगळे चेहऱ्यावरच अडलात. या रशियनांतला दांडगा माणूस आयझेन्स्टाइन, त्याचं कुणी नावच काढलं नाही. पुदोव्हकिनला वाटे, शॉटाला शॉट जोडत गोष्ट रचत न्यावी. हा म्हणे, शॉट एकमेकांवर आदळले पाहिजेत. 1925 च्या 'स्ट्राइक'मध्ये त्यानं शेवटी कामगारांवर गोळीबार दाखवला आणि मध्ये मध्ये खाटिकखान्यात बैल कापताना दाखवला. गोष्टीत तो बैल कुठंच नाही. कुणी त्याच्याकडे बघत नाही, नजर जुळायचा प्रश्नच नाही. माणसं जनावरांसारखी कापली जातायत, हे प्रेक्षकाच्या डोक्यात व्हावं एवढ्यासाठी तो आहे.

आता ऐका. त्याच साली आयझेन्स्टाइननं स्वतः लिहून ठेवलंय की हा डाव सगळीकडे चालत नाही. जो शेतकरी स्वतःची जनावरं कापतो त्याच्यावर या रक्ताचा काही परिणाम होत नाही. म्हणजे दोन शॉटमधून निघणारा अर्थ बघणारा घरून काय घेऊन आलाय त्यावर ठरतो, हे त्यालाही दिसलं होतं.

आणि आपल्याकडे तर तिसरंच होईल. आमच्या गावात पोळ्याच्या आसपास हा सिनेमा दाखवा. आदल्या दिवशी ज्याची खांदेमळणी केली, ज्याच्या शिंगांना रंग लावला, ज्याला पुरणपोळी चारली, तो बैल पडद्यावर कापला की बाया पदर डोळ्याला लावतील. पण बैलासाठी! कामगार कोण होते, कुणी मारले, हे कुणाला आठवणार नाही. आयझेन्स्टाइनच्या शेतकऱ्याला रक्त लागलं नाही, आपल्या शेतकऱ्याला इतकं लागेल की गोळीबार बाजूला पडेल. दोन्हीकडे शॉट तेच, कट तोच.

जळगावचा संकलक:
आबा, हे मान्य केल्याशिवाय गत्यंतर नाही. काकांचा शॉट चालला तो बघणारे सगळे जळगाव जिल्ह्यातले होते म्हणूनही. चिखलात पडलेला घड म्हणजे वर्षाची कमाई गेली, हे त्यांना सांगावं लागत नाही. मुंबईच्या पोराला तो फक्त पडलेला घड दिसेल आणि काकांचा चेहरा बहुतेक डब्याची वाट बघणाराच राहील.

शिरपूरकर:
बघा, आता आलात माझ्याकडे! अर्थ केळीबद्दल आधीच जे माहीत आहे त्यात होता. म्हणजे गोष्टीतच. कटानं फक्त आठवण करून दिली. इतलं मोठं नाव द्यायसारखं त्यामा काय शे?

जळगावचा संकलक:
केळीबद्दल माहिती त्यांना होतीच. काका केळीमुळे खचलेत, ही माहिती कुणालाही नव्हती, कारण ते खरं नव्हतंच. ते कुठून आलं? दोन्हींच्या मधून.

धुळ्याची नाटकवाली:
आबांचं मला पटलं. रंगमंचावरही हेच होतं, तोच प्रवेश एका गावात रडवतो आणि दुसऱ्या गावात बायका चुळबुळ करतात. पण एक विचारते, संकलक भाऊ. काकांनी ओठ थरथरवले तो टेक आणि कोरा तुकडा, दोन्ही त्याच घडाला जोडून, आवाज बंद करून दाखवाल का? कोऱ्याचंच जास्त कौतुक होतं हे तुम्ही गृहीत धरलंय. आमच्या बायकांना रडणाराच आवडेल, असं मला वाटतं.

जळगावचा संकलक:
दाखवतो, दोन्ही आहेत माझ्याकडे. पण एकाच माणसाला दोन्ही दाखवून चालणार नाही. दुसरा बघताना पहिला डोक्यात असतो आणि मग लोक तुलना करतात, बघत नाहीत. निम्म्या जणींना एक, निम्म्यांना दुसरा. आणि 'ते दुःखी वाटतात का' असं विचारायचं नाही, दुःख आपणच सुचवल्यासारखं होतं. 'यांच्या मनात काय चाललंय' एवढंच विचारायचं आणि त्यांचे शब्द तसेच्या तसे लिहून घ्यायचे. 'बिचारा किती रडतोय' असं आलं तर ते चेहऱ्याचं वर्णन झालं. 'आता कर्ज कसं फेडणार' असं आलं तर ते दोन शॉटच्या मधलं झालं.

शिरपूरकर:
मग माझंही एक मागणं. तिसरा तुकडा करा. चेहरा तोच कोरा, आणि मध्ये घडाऐवजी नुसती पांढरी भिंत. त्यालाही लोक 'कर्ज कसं फेडणार' म्हणाले तर काय म्हणाल? रापलेला चेहरा आणि धोतर-टोपी बघून आपल्याकडे प्रत्येकाला कर्जच दिसतं, शेजारी काहीही नसलं तरी. रावेरच्या दादांच्या आत्यालाही तेच दिसलं असेल.

रावेरकर:
माझ्या बापानं टोपी घातली नव्हती. पण भिंतीचा तुकडा करा. हे मलेही बघायचंय.

जळगावचा संकलक:
भिंत चालेल. फक्त उजेड दुपारचाच हवा आणि भिंत खाली, त्यांच्या नजरेच्या रेषेत हवी, नाहीतर पुन्हा 'आठवतंय' निघेल. जमिनीजवळचा सारवलेला कोपरा घेतो.

शिरपूरकर:
सारवलेला नको. सारवण म्हटलं की घर आलं, घर म्हटलं की कर्ज आलं. सिमेंटची घ्या.